साठ खाटा पोहोचल्या, कागदावर छप्पन्नच राहिल्या

सप्रेम नमस्कार. मच्छे येथे आमचे लोखंडी फर्निचरचे छोटे वर्कशॉप आहे, आठ माणसे कामाला आहेत. गेल्या वर्षी एका सरकारी खात्याच्या जिल्हा कार्यालयाच्या आदेशावरून दोन वसतिगृहांना दुमजली खाटा करून दिल्या. अजून एक रुपयाही हातात आलेला नाही. तीन पत्रे दिली, फेऱ्या मारल्या. ‘बघतो’, ‘अनुदान नाही’, ‘साहेब रजेवर आहेत’ एवढेच ऐकायला मिळते. पत्र मराठीत आहे म्हणून बाजूला ठेवले, असेही एकाने सांगितले. शेवटचे पत्र असे होते: ‘महोदय, गेल्या वर्षी दिलेल्या खाटांचे पैसे अद्याप मिळालेले नाहीत. वारंवार विनंती करूनही आपले कार्यालय दुर्लक्ष करीत आहे. आमचे बँकेचे हप्ते थकले आहेत, कामगारांचे पगार द्यायचे आहेत. पैसे त्वरित न मिळाल्यास आम्हाला कोर्टात जावे लागेल.’ हे पत्र दुरुस्त करून द्याल का? सगळ्या कागदांच्या झेरॉक्स सोबत पाठवत आहे.
– एक कारखानदार, मच्छे (ता. बेळगाव)

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राची भाषा दुरुस्त करण्याआधी मी झेरॉक्स टेबलावर मांडल्या आणि एका सरकारी कार्यालयाच्या लेखा विभागात अनेक वर्षे बिले तपासण्याचे काम केल्यामुळे जडलेल्या सवयीने पहिल्यांदा नग मोजले. तुमचे पैसे कुठे अडकले असावेत, ते मला त्या मोजणीतच दिसले.

पुरवठा आदेश 14 नोव्हेंबर 2024 चा, 60 खाटांचा, प्रत्येकी 7,800 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असा आहे. माल 60 दिवसांत द्यायचा होता. 9 डिसेंबरला चलन क्रमांक 112 ने 40 खाटा खानापूर तालुक्यातील वसतिगृहात उतरल्या आणि त्याच दिवशीचे तुमचे बिल क्रमांक 64 आहे. 3 जानेवारी 2025 ला चलन क्रमांक 118 ने उरलेल्या 20 खाटा चिकोडी तालुक्यातील वसतिगृहात उतरल्या आणि बिल क्रमांक 71 निघाले. इथपर्यंत सगळे जुळते. मात्र चलन 118 च्या झेरॉक्सवर, वॉर्डनच्या सहीच्या वरच्या बाजूला, निळ्या पेनने एक ओळ लिहिलेली आहे: ‘4 नगांच्या शिड्या वाकलेल्या, बदलून द्याव्यात.’ तुम्ही त्या चार खाटा 20 जानेवारीला चलन क्रमांक 121 ने बदलून दिल्या आणि त्याची पोचही घेतली. पण तुम्ही पाठवलेल्या गठ्ठ्यात हे चलन सर्वांत तळाशी, वेगळे होते, आणि बिलासोबत कार्यालयात दिलेल्या कागदांच्या यादीत त्याचे नावच नाही.

त्यामुळे तुमच्या लेखी 60 खाटा पोहोचल्या आहेत, तर कार्यालयाच्या फाइलमध्ये 56 पोहोचल्या आहेत आणि बिल मात्र 60 चे आहे. असे बिल पुढे पाठवण्याची जबाबदारी कोणताही केस वर्कर घेत नाही, कारण पुढे ऑडिटमध्ये ती चार खाटांची रक्कम त्याच्याच नावावर निघते. तो ते बिल नाकारतही नाही, कारण नाकारायचे तर कारण लेखी द्यावे लागते. तो ते फाइलला लावून ठेवतो, आणि विचारायला आलेल्या माणसाला अनुदानाचे कारण सांगितले जाते.

यात आणखी एक कडी आहे, जी पुरवठादारांच्या सहसा लक्षात येत नाही. आदेश जिल्हा कार्यालयाने दिला असला, तरी माल वसतिगृहात उतरला आहे. सरकारी बिल मंजूर होण्यासाठी त्यावर, माल चांगल्या स्थितीत मिळाला आणि स्टॉक रजिस्टरच्या अमुक पानावर नोंदवला, असा दाखला लागतो. रजिस्टर वसतिगृहात असते, म्हणून हा दाखला वॉर्डनकडून जिल्हा कार्यालयात जावा लागतो. दाखला आला नसेल तर जिल्हा कार्यालयातल्या साहेबांनी मनात आणले तरी बिलावर सही करता येत नाही. चलनावरची पोच म्हणजे स्टॉकची नोंद नव्हे. पोच गाडीवाल्याच्या हातात देतात, नोंद नंतर सवडीने होते, आणि मध्ये वॉर्डनची बदली झाली तर ती राहूनही जाते.

आता पत्राकडे पाहू. तुमच्या तिसऱ्या पत्रात एकही क्रमांक नाही, एकही तारीख नाही, रक्कमसुद्धा नाही. ते ज्याच्या टेबलावर जाते तो माणूस कदाचित तुमचा आदेश निघाला तेव्हा त्या जागी नव्हता. ‘गेल्या वर्षी दिलेल्या खाटा’ एवढ्यावरून त्याला फाइल शोधता येत नाही. त्याला आदेशाचा क्रमांक द्या, म्हणजे तो कपाट उघडेल. हप्ते आणि पगार यांचा तुमच्यावर पडलेला भार खरा आहे आणि तो वाचून मला वाईट वाटले, पण त्या वाक्यांवर फाइलमध्ये कोणतीही टिप्पणी लिहिता येत नाही, म्हणून ती मी काढली आहेत. ‘कार्यालय दुर्लक्ष करीत आहे’ हेही काढले आहे, कारण ज्याने तुमची टिप्पणी लिहायची आहे त्याच्यावरच तो आरोप होतो, आणि तुमच्या बाबतीत तो पूर्णपणे खराही नाही.

भाषेविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात हा प्रश्न नेहमी पडतो. आपल्या तक्रारीच्या निवारणासाठी केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 ने प्रत्येकाला दिला आहे, त्यामुळे मराठी पत्र घेता येणार नाही असे कोणी म्हणू शकत नाही. तरीही कार्यालयातील टिप्पणी कन्नडमध्ये लिहिली जाते, आणि पत्राचा आशय कन्नडमध्ये उतरवणारा माणूस मिळेपर्यंत पत्र थांबते. म्हणून पैशाच्या पत्रापुरते मी असे सुचवीन की मराठी पत्रावर तुमची सही करा आणि त्याच्याच पाठीला कन्नड प्रत जोडून तिच्यावरही सही करा. दोन्हींमध्ये क्रमांक, तारखा आणि रकमा अगदी एकसारख्या असाव्यात. आदेशाचा क्रमांक मात्र भाषांतरित करू नका. तो आदेशावर कन्नड अक्षरांत, तिरप्या रेघांसह जसा छापला आहे तसाच, अक्षर न अक्षर, मराठी पत्रातही उतरवा. त्याचे मराठी रूप केले तर रजिस्टरमध्ये शोधणाऱ्याला तो सापडत नाही. खाली मी त्या जागी टिंबे ठेवली आहेत.

पत्र असे लिहावे.

प्रति,
मा. जिल्हा अधिकारी,
……… खाते, जिल्हा कार्यालय, बेळगाव.

विषय: पुरवठा आदेश क्र. ………, दि. 14 नोव्हेंबर 2024 अन्वये पुरविलेल्या 60 दुमजली लोखंडी खाटांची बिले क्र. 64 व 71, एकूण रु. 5,52,240, अदा करणेबाबत.

संदर्भ: आमचे पत्र दि. 12 मार्च 2025, आपला आवक क्र. ……….

महोदय,

वरील आदेशानुसार आम्ही 60 दुमजली लोखंडी खाटा, प्रत्येकी रु. 7,800 अधिक 18 टक्के जीएसटी या दराने, आपण नेमून दिलेल्या दोन वसतिगृहांना पुरविल्या आहेत.

त्यांपैकी 40 खाटा दि. 9 डिसेंबर 2024 रोजी चलन क्र. 112 अन्वये खानापूर तालुक्यातील वसतिगृहात पोहोचल्या. त्यांचे बिल क्र. 64, दि. 9 डिसेंबर 2024, रु. 3,68,160 चे आहे. उर्वरित 20 खाटा दि. 3 जानेवारी 2025 रोजी चलन क्र. 118 अन्वये चिकोडी तालुक्यातील वसतिगृहात पोहोचल्या. त्यांचे बिल क्र. 71, दि. 3 जानेवारी 2025, रु. 1,84,080 चे आहे.

चलन क्र. 118 वर 4 खाटांच्या शिड्या वाकल्याचा शेरा आहे. त्या 4 खाटा आम्ही दि. 20 जानेवारी 2025 रोजी चलन क्र. 121 अन्वये विनामूल्य बदलून दिल्या असून त्याची वॉर्डन यांची सही व शिक्का असलेली पोच सोबत जोडली आहे. हे चलन पूर्वी बिलासोबत सादर करावयाचे राहिले होते. त्यामुळे आदेश, प्रत्यक्ष पुरवठा आणि बिले या तिन्हींतील संख्या 60 अशी जुळते. या खाटांची नोंद दोन्ही वसतिगृहांच्या स्टॉक रजिस्टरमध्ये अनुक्रमे पान क्र. …… व पान क्र. …… वर आहे.

तरी कृपया (1) दोन्ही बिले नियमानुसार जीएसटीची टीडीएस कपात करून अदा करावीत. (2) बिले 31 मार्च 2025 पूर्वी कोषागारात सादर झाली नसल्यास चालू आर्थिक वर्षासाठी त्यांच्या अनुदानाची मागणी केली आहे काय, हे कळवावे. आणि (3) आणखी कोणता कागद आवश्यक असल्यास तो लेखी कळवावा, म्हणजे आम्ही तो तत्काळ सादर करू.

आमचे युनिट उद्यम नोंदणी क्र. ……… अन्वये सूक्ष्म उत्पादक उद्योग म्हणून नोंदलेले आहे, आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 च्या कलम 15 व 16 मधील तरतुदी या देण्यास लागू आहेत, हे आदरपूर्वक निदर्शनास आणतो.

आपला विश्वासू,
(सही, नाव, शिक्का, दूरध्वनी)

सोबत: पुरवठा आदेश, चलन क्र. 112, 118 व 121, बिल क्र. 64 व 71; दोन्ही खेपांची ई-वे बिले; बँक खात्याचा तपशील व रद्द केलेला धनादेश.

या पत्रातील तिसरा परिच्छेद लिहिताना हात थोडा अडखळेल, कारण त्यात आपला माल सदोष निघाला होता आणि आपलाच कागद द्यायचा राहिला होता, ही कबुली आहे. पण सगळे पत्र त्याच परिच्छेदावर उभे आहे. शेरा फाइलमध्ये आहेच. तो तुम्ही सांगितला नाही तरी केस वर्करला दिसतो, आणि न सांगितल्यामुळे तो फक्त अनुत्तरित राहतो. एक धोका यात आहे, तोही माहीत असू द्या. 60 दिवसांची मुदत 13 जानेवारीला संपली आणि बदली खाटा 20 जानेवारीला पोहोचल्या. आदेशात उशिराच्या दंडाची अट असेल तर कार्यालय ती लावू शकते. तशी वेळ आलीच तर दंड फक्त त्या 4 खाटांच्या 31,200 रुपयांपुरता असावा, बाकी 56 खाटा मुदतीत पोहोचल्या आहेत, असे तुम्ही तारखांसह मांडू शकता. पाच लाखांचे बिल अडकून राहण्यापेक्षा हा वाद पत्करलेला बरा.

टीडीएसचा उल्लेख मुद्दाम केला आहे. कर सोडून करार अडीच लाखांच्या वर असला की सरकारी खाते जीएसटी कायद्याच्या कलम 51 प्रमाणे 2 टक्के कापून घेते. तुमच्या 4,68,000 रुपयांवर ही कपात 9,360 रुपये होते, म्हणजे खात्यात 5,42,880 रुपये जमा होतील. उरलेल्यासाठी पुन्हा पत्र लिहू नका. ती रक्कम कार्यालयाने आपले विवरण भरल्यावर तुमच्या जीएसटी पोर्टलवर दिसते, तिथे ती स्वीकारली की तुमच्या कॅश लेजरमध्ये जमा होते.

अनुदानाविषयी दुसरी विनंती घातली आहे ती अशासाठी की सरकारी अनुदान 31 मार्चला व्यपगत होते. तुमची बिले जानेवारीत गेली होती, आणि ती मार्चअखेरपर्यंत ट्रेझरीत गेली नसतील तर मागच्या वर्षाचा पैसा परत गेला असणार. तेव्हा ‘अनुदान नाही’ हे उत्तर आता खरेही असू शकते. पण मग नव्या वर्षाच्या अनुदानातून त्याची मागणी करणे हे कार्यालयाचे काम आहे, आणि ते झाले की नाही याचे उत्तर हो किंवा नाही असेच येऊ शकते. तोंडी उत्तरावर विसंबून पुढचा मार्च जाऊ देऊ नका.

व्याजाचे एकच वाक्य ठेवले आहे आणि त्यात आकडा घातलेला नाही. कायदा तुमच्या बाजूने पुरेसा स्पष्ट आहे: लेखी मुदत ठरलेली नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत, ठरलेली असेल तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली असेल तर ती दूर झाली तो दिवस स्वीकृतीचा धरतात, म्हणून दुसऱ्या खेपेसाठी 3 जानेवारी नव्हे तर 20 जानेवारी धरावी. हिशेब करून वहीत ठेवा, पण पहिल्या नीट पत्रात मागू नका. ज्या बिलाचे मुद्दल मंजूर व्हायचे आहे त्यावर व्याजाचा आकडा टाकला की फाइल सल्ल्यासाठी वर जाते. तुम्ही स्वतः खाटा बनवता म्हणून हे संरक्षण तुम्हाला आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी असली तरी ते मिळत नाही. तुमची नोंदणी आदेशाच्या तारखेआधीची आहे ना, हे एकदा पाहून घ्या. नंतरची असेल तर हा परिच्छेद वादात सापडेल.

पत्र टपाल विभागात द्या, केस वर्करच्या हातात नव्हे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. तुमच्या तीन पत्रांपैकी फक्त 12 मार्चच्या पत्रावर आवक क्रमांक आहे, म्हणून संदर्भात तेवढेच घेतले आहे. बाकीची दोन दिल्याचा पुरावा तुमच्याजवळ नाही. दोन्ही वॉर्डनना एकेक प्रत माहितीसाठी द्या आणि तसे पत्राच्या शेवटी लिहा.

महिनाभरात उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. शुल्क 10 रुपये आहे आणि कर्नाटकच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा व 150 शब्दांच्या आतला असावा लागतो. त्यात तक्रार नको. बिल क्र. 64 व 71 वर झालेल्या टिप्पणीची प्रत आणि ती कोषागारात पाठवल्याची तारीख, एवढेच मागा. टिप्पणी हातात आली की बिल कोणत्या कारणासाठी थांबले ते त्यांच्याच शब्दांत कळते. त्यानंतरही हालचाल झाली नाही तर कलम 18 खाली सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जाता येते, आणि जिल्हा उद्योग केंद्रात त्याची माहिती मिळते. कोर्टाची भाषा तोवर पत्रात आणू नका. सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते, आणि ती वकिलाकडून लिहून घेतलेली बरी. मुदत मात्र लक्षात ठेवा: उधारीची ठरावीक मुदत नसेल तर विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा माल दिल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो, म्हणजे पहिल्या खेपेसाठी डिसेंबर 2027. त्याआधी कार्यालयाने देणे लेखी मान्य केले तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. पत्रातील तिसरी विनंती, ‘लेखी कळवावे’, तिचा हाही एक उपयोग आहे.

स्टॉक रजिस्टरच्या पान क्रमांकांसाठी पत्रात दोन जागा कोऱ्या ठेवल्या आहेत. त्या भरल्याशिवाय पत्र देऊ नका. आधी चिकोडीकडे जा, कारण अडचण तिथली आहे. चलन 121 ची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स सोबत न्या. सध्याच्या वॉर्डनना रजिस्टर उघडून दाखवण्याची विनंती करा, आणि 3 जानेवारीला 20 लिहिले आहेत की 16, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. 16 असतील तर चलन 121 च्या आधारे 4 ची नोंद करून घेऊन दाखला जिल्हा कार्यालयाला पाठवण्याची विनंती तिथेच लेखी द्या आणि तिचीही पोच घ्या.